एआरटी कार्डावरच्या एका ओळीत दोन काळ असतात

प्रश्न : ताई, मी जिल्ह्याच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, नुकतीच डेटाचं काम बघायला लागले आहे. पांढऱ्या कार्डांवरच्या जुन्या नोंदी हाताने लिहिलेल्या आहेत. त्यातून प्रत्येक पेशंटचा भेटीनुसार तक्ता करायचा आहे : व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, वजन, शिल्लक गोळ्या आणि गोळ्या चुकण्याची कारणं. मी कार्डावरची ओळ जशीच्या तशी एक्सेलमध्ये उतरवते, पण मग टक्के जुळत नाहीत, आणि गोळ्या शंभर टक्के घेणाऱ्या बाईचा व्हायरल लोड वाढलेला दिसतो. माझं नेमकं काय चुकतंय?

उत्तर :

तुमचं टायपिंग चुकत नाहीये. कार्डावरची एक ओळ ही एका दिवसाची नोंद दिसते, पण तिच्यात दोन वेगवेगळे काळ शेजारी शेजारी बसलेले असतात. "शिल्लक" हा आकडा मागच्या महिन्याबद्दल बोलतो. "दिल्या" हा आकडा पुढच्या महिन्याबद्दल बोलतो. वजन फक्त त्या दिवसाचं असतं. आणि व्हायरल लोडचा आकडा बहुतेक वेळा आधीच्या कुठल्या तरी भेटीचा असतो, कारण रक्त घेतलं त्या दिवशी रिपोर्ट हातात नसतो. हे चारही एका ओळीत बघून आपण एकमेकांशी जोडतो, तिथेच गफलत होते. मी समुपदेशक म्हणून बरीच वर्षं ही कार्डं भरली आणि नंतर तीच संगणकावर घेतली. दोन्ही बाजूंनी हीच चूक केली आहे.

एक कार्ड सोबत उघडून बघू. आकडे मी बदलले आहेत, पण घडण तीच ठेवली आहे. टीएलडी या गोळीवर असलेली बाई, रोज रात्री एक गोळी, ३० गोळ्यांची डबी. कार्डावरच्या पाच ओळी अशा :

३ जानेवारी २०२३ : वजन ५२.४, शिल्लक २, दिल्या ३०.
२ फेब्रुवारी : वजन ५२, शिल्लक २, दिल्या ३०, नियमितता १००%.
९ मार्च : वजन ५१, शिल्लक ०, दिल्या ३०, नियमितता १००%.
६ एप्रिल : वजन ४९.५, शिल्लक ९, दिल्या ३०, नियमितता ७०%. समासात "व्ही.एल. पाठवला" आणि त्याखाली बारीक अक्षरात "घरी पाहुणे, गोळी काढता आली नाही".
४ मे : वजन ४९, शिल्लक ११, दिल्या ३०, नियमितता १००%. समासात "व्ही.एल. ४८६०".

आता मार्चची ओळ घ्या. शिल्लक शून्य बघून कार्ड भरणाऱ्याने शंभर टक्के लिहून टाकले. डबी रिकामी आहे म्हणजे सगळ्या गोळ्या घेतल्या, हे खरंच आहे. पण २ फेब्रुवारी ते ९ मार्च हे ३५ दिवस होतात. तिच्याकडे मागच्या २ आणि दिलेल्या ३० अशा ३२ गोळ्या होत्या. रोज घेतल्या तरी शेवटचे तीन दिवस तिच्याकडे गोळीच नव्हती. ३२ भागिले ३५, म्हणजे साधारण ९१ टक्के. हव्या असलेल्या ९५ टक्क्यांच्या खाली. रिकामी डबी घेऊन उशिरा आलेला पेशंट कागदावर सगळ्यात शहाणा दिसतो, आणि प्रत्यक्षात त्याच्या औषधात खंड पडलेला असतो.

एप्रिलची ओळ उलट बाजूने चुकली आहे. ३० मधल्या ९ उरल्या, २१ घेतल्या, म्हणून ७० टक्के. पण ती २८ दिवसांतच आली होती. घ्यायच्या २८, घेतल्या २१, म्हणजे ७५ टक्के. पाच टक्क्यांनी आभाळ कोसळत नाही, पण भागाकार दर वेळी ३० नेच करायचा ही सवय मार्चमधला खंड झाकते आणि एप्रिलमधला फुगवते. छेदात दिलेल्या गोळ्या नसतात, दोन भेटींमधले दिवस असतात. ही एक गोष्ट पक्की केलीत की निम्मी कार्डं सरळ होतात.

यासाठी तक्त्यात पाच रकाने पुरतात. ए मध्ये एआरटी क्रमांक, बी मध्ये भेटीची तारीख, सी मध्ये शिल्लक, डी मध्ये दिलेल्या, ई मध्ये रोज किती घ्यायच्या. आधी क्रमांकानुसार आणि मग तारखेनुसार क्रम लावा आणि तिसऱ्या ओळीपासून एफ रकान्यात हे सूत्र खाली ओढा :

```
=IF(OR(A3<>A2,C2="",C3=""),"",(C2+D2-C3)/((B3-B2)*E2))
```

यातल्या `C2=""` आणि `C3=""` या दोन अटी काढू नका. शिल्लक मोजली नसेल तर रकाना रिकामा असतो, आणि रिकाम्या रकान्याला एक्सेल बेरीज-वजाबाकीत शून्य समजतं. डबी आणलीच नाही, कार्डावर आडवी रेघ मारली, आणि तुमच्या तक्त्यात तो पेशंट सगळ्या गोळ्या घेणारा झाला. "शून्य उरल्या" आणि "मोजल्या नाहीत" या वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य लिहायचं ते फक्त कार्डावर शून्य लिहिलेलं दिसलं तर.

उत्तर १ च्या वर गेलं तर ते १ वर आणून ठेवायचा मोह होतो. तसं करू नका, १.०७ हा १.०७ च राहू द्या. एक पेशंट आठवतो. त्याच्या ओळीत शिल्लक नेहमी शून्य, मग तो २८ दिवसांनी येवो, ३० दिवसांनी येवो की ३३. सूत्राने १.०७, १.००, ०.९१ असे आकडे काढले. माणूस रोज एक गोळी घेत असेल तर २८ व्या दिवशी दोन उरायलाच हव्यात. त्या उरत नव्हत्या, कारण आम्ही शिल्लक बघून रागवायचो, म्हणून तो दवाखान्याच्या दारात येण्याआधी उरलेल्या टाकून द्यायचा. कार्डावर ते कधीच दिसलं नसतं. १ च्या वरचा आकडा दिसला की चार शक्यता मनात ठेवा : गोळ्या टाकल्या, घरी वेगळ्या डब्यात काढून ठेवल्या, दुसऱ्या कोणाला दिल्या, किंवा मधल्या भेटीची ओळच कार्डावर नाही. शेवटची शक्यता गावाजवळच्या लिंक एआरटी केंद्रावरून औषध घेणाऱ्यांमध्ये फार असते. अशा वेळी पेशंट आल्यावर त्याची हिरवी पुस्तिका मागून घ्या. पांढरं कार्ड फाटलं किंवा भिजलं तरी त्या पुस्तिकेत तारीख आणि डब्या मिळतात.

"रोज किती" हा रकाना तुम्हाला आता निरुपयोगी वाटेल, कारण टीएलडी एकच गोळी आहे. पण जुन्या कार्डांवर मागे गेलात की झेडएलएन भेटेल, ती दिवसातून दोनदा होती आणि महिन्याला ६० गोळ्या लागत. तिथे १ लिहिलात तर जवळपास २०० टक्के येतील. औषध बदललं त्या भेटीला जुन्या डबीतल्या उरलेल्या गोळ्या नव्या हिशेबात धरायच्या नाहीत. जुन्या औषधाची शेवटची टक्केवारी नीट निघावी म्हणून त्या दिवशीची शिल्लक एका ओळीत लिहा, आणि त्याच तारखेची दुसरी ओळ काढून नवं औषध शिल्लक ० पासून सुरू करा. या दुसऱ्या ओळीत सूत्र चालवू नका, तो रकाना हाताने रिकामा करा. दिवसांचा फरक शून्य असल्यामुळे तिथे चूक दाखवेल.

आता तुमच्या प्रश्नातली गोष्ट. मेच्या ओळीत हिशेब बघा : आधीच्या ९, दिलेल्या ३०, उरल्या ११, म्हणजे घेतल्या २८, दिवस २८. अगदी शंभर टक्के. आणि त्याच ओळीच्या समासात व्हायरल लोड ४८६०. ओळ जशीच्या तशी उतरवली तर तक्ता सांगतो की गोळ्या शंभर टक्के घेऊनही विषाणू १००० च्या वर आहे. वाचणारा डॉक्टर घाईत असेल तर पहिला विचार औषध लागू न पडण्याचा येतो. प्रत्यक्षात ते रक्त ६ एप्रिलला घेतलं होतं, ७५ टक्क्यांच्या महिन्यानंतर, आणि त्याआधीचा महिना ९१ चा होता. ४८६० हा आकडा त्या दोन महिन्यांचा आहे. मेमधला शंभर टक्क्यांचा महिना सॅम्पल गेल्यानंतरचा आहे.

म्हणून व्हायरल लोडसाठी दोन तारखा घ्या, सॅम्पलची आणि रिपोर्टची. आकडा सॅम्पलच्या भेटीला जोडायचा. रिपोर्टची तारीख वेगळी ठेवायची, कारण पुढचा सगळा हिशेब, म्हणजे वाढीव समुपदेशन कधी सुरू झालं आणि परत तपासणी कधी करायची, तिथून सुरू होतो. १००० किंवा त्याहून जास्त आला की लगेच औषध बदलत नाहीत. गोळ्या का चुकल्या ते शोधून तीन महिने नीट घेतल्या जातील हे बघतात आणि पुन्हा तपासतात. तेव्हाही १००० च्या वर राहिला तर केस सॅसेप या राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे जाते. सॅम्पलची तारीख हरवली तर त्या समितीपुढे चुकीचं चित्र जातं. कार्डावर ती सापडली नाही तर सॅम्पल पाठवल्याचं रजिस्टर किंवा लॅबचा छापील रिपोर्ट बघा. तिथेही नसेल तर रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने आधीची भेट लिहू नका.

आकड्याचं रूपही सांभाळा. कार्डावर कुठे "टीएनडी", म्हणजे विषाणू आढळला नाही, असं असतं, कुठे "<१५०", कुठे "४८६०", कुठे "३.६९ लॉग", आणि कुठे "१,२६,०००" असा आपला स्वल्पविराम. ४८६० आणि ३.६९ लॉग हा एकच निकाल आहे, पण एकाच रकान्यात दोन्ही टाकले तर दुसरी बाई जवळजवळ विषाणूमुक्त दिसेल. मी तीन रकाने ठेवते : कार्डावर जसं लिहिलंय तसं, मग चिन्ह, मग कॉपीजमधला आकडा. टीएनडीच्या जागी ० लिहू नका. सॅम्पल नाकारलं गेलं किंवा रिपोर्ट "इनव्हॅलिड" आला तर तेही शब्दात लिहा, नाहीतर ती तपासणी झालीच नाही असं वाटतं. आणखी एक : नियमित व्हायरल लोड आपल्या कार्यक्रमात २०१८ पासून सुरू झाला. त्याआधीच्या ओळीत समासात सुटा "४८०" दिसला तर तो बहुतेक सीडी४ पेशींचा आकडा असतो.

वजनाबद्दल थोडक्यात. सगळ्यात मोठा घोळ आकड्यांच्या लिपीचा आहे. आमच्याकडे एक सिस्टर मराठी आकडे काढायच्या, दुसऱ्या इंग्रजी. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ हा इंग्रजी आठसारखा, आणि घाईतला मराठी ५ बऱ्याचदा इंग्रजी चारसारखा. "५१" चे "५९" झालेले मी स्वतः टाइप केले आहेत. आधी त्या पानावर कोणाचं अक्षर आहे ते ओळखा, मग आकडा वाचा. एका महिन्यात तीन किलोहून जास्त फरक दिसला की मी कार्ड परत उघडते. तीन किलो हा माझा अनुभवाचा निकष आहे. पण उघडून बघितल्यावर आकडा स्पष्ट असेल तर तो "सुधारू" नका. घटलेलं वजन खरं असू शकतं. खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणं हे चार प्रश्न दर भेटीला विचारायचे असतात, त्यांच्या खुणा बघा. आपल्या उदाहरणातली बाई चार महिन्यांत ५२.४ वरून ४९ वर आली. एकेका ओळीत ते एक-दीड किलो वाटतं. ओळी खाली एक लावल्यावर ती उतरण दिसली आणि तिची थुंकी तपासायला पाठवली. टीबी निघाला नाही, पण तपासणं आवश्यकच होतं. याउलट एकाच दिवशी आलेल्या सगळ्यांचं वजन दोन किलोने वाढलेलं दिसलं तर काटा बदललेला असतो.

नातेवाईक डबी घेऊन गेला असेल तर वजन रिकामं ठेवा, मागचं वजन खाली ओढू नका. २०२० च्या लॉकडाउनमधल्या ओळी अशाच आहेत, घरपोच किंवा तीन-तीन महिन्यांच्या डब्या, ना वजन ना शिल्लक. त्या रिकाम्याच शोभतात.

गोळ्या का चुकल्या याचा रकाना बहुतेक जण शेवटी भरतात आणि सगळ्यांपुढे "विसर" लिहून मोकळे होतात. मी इथे दोन रकाने ठेवते, एकात कार्डावरचे शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात आठ-दहा ठरलेल्या कारणांपैकी एक : विसर, गावाला गेले, औषध संपलं, त्रास होतो, दारू, घरच्यांपासून लपवणं, कामाची पाळी, दुसरं औषध किंवा जडीबुटी. "घरी पाहुणे, गोळी काढता आली नाही" याला घाईत "विसर" लावला असता तर उपाय म्हणून मोबाइलचा गजर सुचवला गेला असता. ती विसरली नव्हती. सासरी तिच्या आजाराची कोणाला कल्पना नव्हती, पाहुणे आले की सगळे एकाच खोलीत झोपायचे, आणि डबीतल्या गोळ्या हलवल्या की वाजतात. आमच्या समुपदेशक ताईंनी तिला दिवसभराची गोळी सकाळीच पदराच्या गाठीत बांधून ठेवायला सांगितलं, आणि वेळ रात्रीऐवजी दुपारची केली, घर रिकामं असतं तेव्हाची. तिचे मूळ शब्द कार्डावर राहिले नसते तर हे सुचलंच नसतं.

ओळी साठल्या की आणखी एक गोष्ट दिसते, जी एका कार्डात दिसत नाही. बीड, अहिल्यानगरकडचे ऊसतोडीला जाणारे पेशंट दिवाळीनंतर गळतात आणि उन्हाळ्यात परत येतात. प्रत्येक ओळीत "उशिरा आला, समज दिली" एवढंच असतं. "गावाला गेले" हे कारण महिन्यानुसार लावलंत की दरवर्षी तेच महिने भरलेले दिसतात, आणि मग हंगामाआधीच जास्त महिन्यांच्या डब्या देणं किंवा कारखान्याजवळच्या केंद्राशी जोडून देणं याचा विचार डॉक्टरांपुढे मांडता येतो.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. गोळ्यांची मोजणी गोळी डबीतून बाहेर गेली एवढंच सांगते. टीएलडीतलं डोल्युटेग्रावीर लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत उपाशीपोटी घेतलं तर पोटात नीट शोषलं जात नाही, ॲसिडिटीच्या काही औषधांचंही तसंच आहे. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन त्याचं रक्तातलं प्रमाण घटवतं, म्हणून तेव्हा बारा तासांनी डोल्युटेग्रावीरची जादा गोळी द्यावी लागते. सॅम्पलची तारीख नीट जोडूनही टक्के शंभर आणि व्हायरल लोड वर, असं उरलं तर "दुसरं औषध" हा रकाना बघा. "रक्तवाढीच्या गोळ्या चालू" असे तीन शब्द कुठेतरी समासात असतात.

कामाच्या पद्धतीबद्दल दोनच गोष्टी. तारीख टाइप करताना 2023-04-06 अशी करा. 06/04 लिहिलं की काही संगणक ते ४ जून समजतात, आणि मग दिवसांचा सगळा हिशेब बिघडतो. वजा दिवस किंवा शंभराहून जास्त दिवस आले की आधी तारीखच तपासा. दुसरं, तक्त्यात नाव, गाव, फोन काहीही नको, फक्त एआरटी क्रमांक. कार्डाचे फोटो काढून घरी नेऊन टाइप करण्याची सवय असेल तर आजच थांबवा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ही माहिती जपण्याची जबाबदारी आपल्या केंद्रावर टाकली आहे, आणि लहान गावात कार्डाचा एक फोटो एखाद्याचं घर मोडू शकतो. फाइलला पासवर्ड हवा आणि ती केंद्राच्या संगणकावरच राहायला हवी.

सुरुवात सगळ्या कार्डांनी करू नका. ज्यांचा शेवटचा व्हायरल लोड १००० च्या वर आहे तेवढी कार्डं आधी बाजूला काढा आणि त्यांच्या मागच्या बारा महिन्यांच्या भेटी उतरवा. दर दहावं कार्ड दुसऱ्या कोणाकडून पुन्हा टाइप करून घ्या आणि दोन्ही ताडून बघा. फरक कुठल्या रकान्यात जास्त येतो ते कळलं की पुढे तिथेच नजर ठेवता येते. आमच्याकडे तो रकाना "शिल्लक" होता.

त्या बाईच्या पुढच्या ओळी : जूनमध्ये १०० टक्के, जुलैमध्ये ९६, ऑगस्टमध्ये वजन ५१.२. दुसरं सॅम्पल १० ऑगस्टला गेलं. सप्टेंबरच्या ओळीच्या समासात "टीएनडी" आहे, पण तक्त्यात ते १० ऑगस्टपुढे लिहिलेलं आहे.